तीन व्होल्टांचा दिवा आणि दोनशेतीस व्होल्टांची माळ

सणासुदीच्या दिवसांत घराच्या सज्जावर किंवा दारावर सोडावयाच्या विजेच्या माळा आज देशातील कोणत्याही गावी मिळतात. दिल्लीचा भगीरथ पॅलेस, मुंबईची लोहार चाळ, कोलकात्याची एझ्रा स्ट्रीट आणि चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारांतून त्यांची खोकी खेडोपाडीच्या दुकानांत जातात. ही माळ हाती घेतली म्हणजे तिच्यातील एल.ई.डी. दिवा तांदळाच्या दाण्याएवढा आणि तार सुतळीपेक्षाही बारीक दिसते. या दिव्यास पेटण्यासाठी केवळ तीन व्होल्टांचा दाब लागतो, असे दुकानदारही सांगतो आणि ते खरेही असते. मग अशा माळेस भिण्याचे कारण काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर दुकानातील दहा माळांमधून योग्य माळ निवडणे फारसे अवघड राहत नाही. म्हणून प्रथम तेच पाहू.

आपल्या घरात येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. एवढ्या दाबावर तीन व्होल्टांचा एकच दिवा लावला तर तो तत्क्षणी जळून जाईल. म्हणून माळ करणारा कारागीर अनेक दिवे एकापुढे एक असे जोडतो. पहिल्या दिव्यातून निघालेला प्रवाह दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असा शेवटपर्यंत जातो. या रचनेस एकसरी जोडणी म्हणतात. समजा, माळेत पांढरे ७० दिवे आहेत. प्रत्येकी तीन याप्रमाणे त्यांना २१० व्होल्ट लागतील. उरलेले २० व्होल्ट खर्ची घालण्यासाठी माळेच्या आरंभी किंवा शेवटी एक लहानसा रोधक बसविलेला असतो. घरातील वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होणारी असल्यामुळे खरा हिशेब याहून थोडा गुंतागुंतीचा आहे. परंतु आपल्या कामास हा ढोबळ हिशेब पुरेसा आहे.

वाराणसीच्या घाटाची कल्पना केली म्हणजे या जोडणीचे मर्म ध्यानात येईल. घाटाची प्रत्येक पायरी वीतभरच उंच असते, लहान मूलही ती सहज उतरते. पण सर्वांत वरच्या पायरीच्या कडेवरून जो थेट खाली पडेल, तो वीतभर पडत नाही. घाटाच्या साऱ्या उंचीवरून पडतो. माळेतील प्रत्येक दिवा ही तीन व्होल्टांची एक पायरी होय. दिव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीनच व्होल्टांचा उतार आहे, हे निःसंशय. परंतु माळेस हात लावणारा माणूस दिव्याच्या दोन टोकांमध्ये उभा नसतो. त्याचा हात माळेवर आणि पाय जमिनीवर असतात. त्याच्या शरीरास मिळणारा दाब हा त्या ठिकाणापासून थेट जमिनीपर्यंतचा दाब असतो.

आता हाच हिशेब एका घरापुरता मांडून पाहू. चेन्नईसारख्या शहरात दीपावली ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत येते. सज्जाच्या लोखंडी कठड्यास वरील ७० दिव्यांची माळ गुंडाळलेली आहे, फरशी ओली आहे आणि घरातील कोणी अनवाणी उभे राहून सुटलेली माळ नीट करीत आहे. माळेच्या दहाव्या दिव्यापाशी तारेवरील आवरण फाटून आतील तांबे उघडे पडले आहे. विजेच्या दोन तारांपैकी जिच्यातून दाब येतो ती फेज आणि जी जमिनीशी जवळपास समदाब असते ती न्यूट्रल. माळेचा आरंभ फेजकडे असेल, तर दहा दिव्यांत ३० व्होल्ट खर्च झाले आणि उघड्या तांब्यापाशी २०० व्होल्ट शिल्लक राहिले. ओल्या त्वचेच्या शरीराचा रोध साधारणपणे एक ते दोन हजार ओहम धरला, तर त्यातून १०० ते २०० मिलिॲम्पिअर प्रवाह वाहू शकेल. वाटेत रोधक असेल तर तो काहीसा कमी होईल, एवढेच. दहा मिलिॲम्पिअरांच्या सुमारास हाताचे स्नायू आखडतात व पकड सोडविता येत नाही. तीस मिलिॲम्पिअर ओलांडून प्रवाह काही काळ छातीतून वाहिला, तर श्वास आणि हृदयाची लय दोन्ही धोक्यात येतात. तांदळाएवढ्या दिव्याच्या माळेतून हे घडू शकते.

याहून फसवा प्रकार विझलेल्या माळेचा आहे. समजा, चाळिसावा दिवा निकामी होऊन मंडल तुटले. सारी माळ विझली. आता तिच्यातून प्रवाह वाहत नाही, आणि प्रवाह नसला म्हणजे दिव्यांच्या पायऱ्यांवर दाब उतरतही नाही. परिणामी फेजकडील सर्व एकोणचाळीस दिवे जमिनीच्या मानाने पूर्ण २३० व्होल्टांवर जाऊन बसतात. जळत असताना दहाव्या दिव्यापाशी २०० व्होल्ट होते, विझल्यावर तेथेच २३० झाले. आणि नेमक्या याच वेळी माणूस माळ चाचपू लागतो, कोणता दिवा गेला ते शोधू लागतो. मंद झालेली किंवा विझलेली माळ निरुपद्रवी असते ही समजूत वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे.

येथे प्लगचाही विचार केला पाहिजे. अशा माळांना बहुधा दोन पिनांचा प्लग असतो आणि तो कसाही उलटसुलट बसतो. माळेच्या तारेवरच जर बटण असेल आणि प्लग उलटा बसला असेल, तर ते बटण न्यूट्रल तोडते. दिवे विझतात, पण संपूर्ण माळ फेजशी जोडलेलीच राहते. भिंतीवरील फलकाचे बटण, वायरिंग योग्य असल्यास, फेज तोडते. म्हणून ते अधिक विश्वासाचे. तरीही माळेस हात लावण्यापूर्वी प्लग ओढून काढणे हाच एक निश्चित उपाय आहे.

घरात सर्किट तोडणारी साधने आहेत, ती आपले रक्षण करतील, असे काहींना वाटते. ज्यास एम.सी.बी. म्हणतात ते साधन भिंतीतील जाड तारांसाठी असते आणि सहा किंवा दहा ॲम्पिअरांपलीकडे प्रवाह गेला म्हणजे तुटते. माणसाचा जीव घेण्यास त्याचा पन्नासावा हिस्साही पुष्कळ झाला, त्याची एम.सी.बी.ला दखलही नसते. इतकेच नव्हे, माळेची केसासारखी तार आतल्या आत चिकटून तापू लागली, तरी भिंतीतील तारेस अपाय होण्याइतका प्रवाह होईपर्यंत एम.सी.बी. स्वस्थ राहण्याचा संभव असतो. आर.सी.सी.बी. हे साधन मात्र निराळे. जाणारा व परतणारा प्रवाह यांत तीस मिलिॲम्पिअरांचा फरक पडला, म्हणजे काही वीज जमिनीकडे गळत आहे असे समजून ते सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडते. घरात ते असणे फार चांगले. पण त्याने धक्का टळत नाही, त्याचा अवधी तुटतो. आणि एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्यास त्याचा काहीच उपयोग नाही, कारण त्यावेळी जमिनीकडे गळतीच होत नाही.

खरा उपाय माळेच्या रचनेतच आहे. ज्या माळेसोबत दाब उतरविणारा अडॅप्टर येतो, तिच्यात २३० व्होल्ट अडॅप्टरच्या पेटीतच थांबतात आणि माळेत पाच, बारा, चोवीस किंवा फार तर तिसाच्या सुमारास व्होल्ट जातात. चोवीस व्होल्टांच्या माळेत सात-आठ दिव्यांचे गट एकसरीने जोडून असे अनेक गट शेजारीशेजारी, म्हणजे समांतर, लावलेले असतात. एक दिवा गेला तर त्याचा गटच विझतो. परंतु कमी दाब हा अर्धाच लाभ आहे. चांगल्या अडॅप्टरात आतील रोहित्राच्या दोन वेटोळ्यांमध्ये धातूचा दुवा नसतो. एकीकडील वीज दुसरीकडे चुंबकीय क्षेत्राच्या द्वारेच पोहोचते. त्यामुळे माळेकडील बाजूस जमिनीशी काही नातेच उरत नाही. ओल्या फरशीवर उभे राहून माळेच्या उघड्या तारेस एका ठिकाणी हात लागला, तरी प्रवाहास परतण्याची वाट नसते. दोन ठिकाणी लागला तर चोवीस व्होल्ट मिळतात. घाटाच्या भाषेत सांगावयाचे तर येथे घाटच ठेंगणा केलेला आहे.

दुर्दैवाने बाजारात या अडॅप्टरासारखी दिसणारी दुसरी एक पेटी सर्रास आढळते आणि पुष्कळ ग्राहक तिच्यामुळे फसतात. माळेच्या आरंभी, प्लगपासून हातभर अंतरावर, काडेपेटीएवढी प्लॅस्टिकची डबी असते व तिच्यावर एक बटण असते. बटण दाबले की दिवे कधी धावतात, कधी हळूहळू मालवतात. ही डबी दिव्यांना नाचविते, त्यांचा दाब उतरवीत नाही. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या तारांवर घरचाच दाब असतो. दोहोंतील भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या अडॅप्टरवर दोन आकडे छापलेले असतात: आत येणारा दाब २३० व्होल्ट किंवा त्याच्या आसपासचा, आणि बाहेर जाणारा दाब, उदाहरणार्थ २४ व्होल्ट, तसेच त्याची शक्ती वॅटमध्ये. नाचविणाऱ्या डबीवर एकच आकडा असतो किंवा काहीच नसते. अडॅप्टरवर एका चौकोनात दुसरा लहान चौकोन काढलेला असेल, तर त्यास दुहेरी निरोधक आवरण असून अर्थिंगच्या तारेची गरज नाही असा त्याचा अर्थ होतो.

अडॅप्टरच्या माळेसही मर्यादा आहेत. त्या महाग असतात आणि फार लांब करता येत नाहीत. पाच व्होल्टांच्या, तांब्याच्या उघड्या दिसणाऱ्या बारीक तारेच्या माळेत दहा मीटरांनंतरचे दिवे मंद दिसू लागतात, कारण तारेच्या रोधातच दाबाचा बराच भाग खर्च होतो. शिवाय अडॅप्टर सहा वॅटचा आणि माळ चार वॅटची असेल, तर तिच्या शेपटास तशीच दुसरी माळ जोडल्याने आठ वॅटचा भार पडतो. अडॅप्टर तापतो आणि त्याचे आयुष्य संपते. एकास एक किती माळा जोडता येतील हे खोक्यावर लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर एकही जोडू नये.

पाण्यापासूनच्या संरक्षणासाठी खोक्यावर आय.पी. ही अक्षरे आणि त्यापुढे दोन अंक असतात. पहिला अंक धूळ व बोटे यांपासूनच्या, तर दुसरा पाण्यापासूनच्या बचावाचा. आय.पी. २० म्हणजे पाण्यापासून काहीच बचाव नाही. अशी माळ घराच्या आतच लावावी. आय.पी. ४४ ची माळ कोणत्याही दिशेने उडणारे शिंतोडे सोसते, म्हणून छपराखालच्या सज्जास ती चालते. उघड्यावर, विशेषतः भाद्रपदातील गणेशोत्सवात किंवा दक्षिणेकडील कार्तिकातील पावसात, आय.पी. ६५ ची निवड करावी. ती नळीने सोडलेल्या पाण्याच्या फवाऱ्यासही दाद देत नाही. मात्र हा अंक माळेचा आहे की अडॅप्टरचा, हे अवश्य पाहावे. माळ ६५ ची आणि अडॅप्टर २० चा, अशी जोडी नेहमीच विकली जाते. त्यात लबाडी आहे असे नव्हे. अडॅप्टर घरात ठेवावा आणि माळच बाहेर सोडावी, एवढाच त्याचा अर्थ. तो अर्थ न कळल्याने अडॅप्टर कठड्यावर पावसात लटकत राहतो.

आता उत्पादकाकडे वळू. नावाजलेला उत्पादक कसा ओळखावा? ओळखीचे नाव खोक्यावर असणे हा पुरावा नव्हे, कारण नाव छापणे ही सर्वांत स्वस्त गोष्ट आहे. भारतात यासाठी अधिक चांगले साधन उपलब्ध आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचे कार्य १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो पाहते. दिव्यांच्या साधनांसाठी आय.एस. १०३२२ हे मानक असून त्याच्या पाचव्या भागातील सातवा विभाग दिव्यांच्या माळांचा आणि नववा विभाग नळीत बसविलेल्या दोरीसारख्या दिव्यांचा आहे. एल.ई.डी. माळा ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात. नोंदणी झालेल्या मालावर ब्यूरोचे चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि R- या खुणेनंतर आठ अंकांचा नोंदणी क्रमांक असतो. अडॅप्टरची नोंदणी वेगळ्या मानकाखाली होते, म्हणून अडॅप्टरसह येणाऱ्या माळेवर असे दोन निरनिराळे क्रमांक पाहावयास मिळाले पाहिजेत. माळेवर एक आणि अडॅप्टरवर काहीच नाही, असे असेल तर ज्या भागावर जीव अवलंबून आहे तोच भाग तपासणीतून सुटला असे समजावे.

हा क्रमांक नुसता पाहून समाधान मानू नये. ब्यूरोच्या BIS Care या भ्रमणध्वनीवरील साधनात तो लिहिला, की नोंदणी कोणाच्या नावे आहे, कारखाना कोठे आहे, कोणत्या वस्तूसाठी आणि कोणत्या छापासाठी आहे, हे पडद्यावर येते. खरी परीक्षा येथे होते. क्रमांक अस्तित्वात असतो, पण तो भलत्याच वस्तूचा, भ्रमणध्वनीच्या चार्जरचा किंवा दुसऱ्याच छापाचा निघू शकतो. वस्तू, छाप आणि उत्पादक या तिन्ही गोष्टी खोक्यावरील मजकुराशी जुळल्या तरच तो क्रमांक ग्राह्य मानावा. युरोपात वापरले जाणारे सी.ई. हे चिन्ह अनेक खोक्यांवर दिसते. ते बहुतेक वस्तूंवर उत्पादक स्वतःच लावतो आणि भारतातील नोंदणीच्या जागी ते चालत नाही.

नोंदणीचेही मोल तिच्या मर्यादेसह जाणले पाहिजे. या योजनेत मान्य प्रयोगशाळेत नमुन्याची चाचणी होते आणि पुढील माल त्याच नमुन्यासारखा राहील अशी हमी उत्पादक देतो. प्रत्येक माळ तपासली जात नाही. म्हणून नोंदणीबरोबर हात आणि डोळे यांचाही उपयोग करावा. प्लगपाशी आणि अडॅप्टरपाशी तार जेथे आत शिरते, तेथे ती हलक्या हाताने ओढून पाहावी. चांगल्या माळेत तेथे आवरणच घट्ट पकडलेले असते. वाईट माळेत तार सरकते, म्हणजे ओढ थेट आतील डाखावर येते. प्रत्येक दिव्याच्या बुडाशी आवरण दिव्यास चिकटलेले हवे. तेथे चकाकणारी धातूची पिन दिसत असेल, तर ती माळ तेथेच परत करावी.

बाजारात स्थानिक कारागिरांनी हाताने डाखलेल्या माळाही असतात आणि त्यांच्यावर नोंदणी नसते. त्या कारागिरांच्या कौशल्याबद्दल शंका नाही. हुगळीकाठच्या चंदननगर येथील रोषणाई करणारे कलावंत जगद्धात्री पूजेत दिव्यांची जी चित्रे उभी करतात, ती पाहावयास लांबलांबून लोक येतात. पण मंडपातील रोषणाई माणसाच्या हातापासून दूर, उंचावर असते आणि ती उभारणारे जाणकार जवळपास असतात. घरच्या कठड्यावरील माळ लहान मुलांच्या हाताच्या टप्प्यात असते आणि तिच्यावर कोणाची नजर नसते. तीच कारागिरी घरी आणावयाची झाली, तर तिला अडॅप्टर मागून घ्यावा.

विजेच्या खर्चाचा प्रश्न आता पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही. तारेच्या तापदीपांच्या जुन्या माळेत अडीच व्होल्टांचे सुमारे शंभर दिवे असत आणि तिला ४० वॅट लागत. अशा दहा माळा रोज सहा तास याप्रमाणे दहा रात्री लावल्या, तर २४ युनिट वीज लागे. तेवढ्याच दिव्यांच्या एल.ई.डी. माळेस पाचएक वॅट पुरतात, म्हणजे त्याच दहा रात्रींचा खर्च ३ युनिट. आपल्या राज्यातील युनिटचा दर या आकड्यांस गुणून वाचकांनी स्वतःच रुपये काढावेत. येथून पुढे एका माळेपेक्षा दुसरी एक वॅट कमी घेते म्हणून तिला जादा पैसे देण्यात अर्थ नाही. ते पैसे अडॅप्टरवर खर्च करावेत. माझ्या मते खोक्यावरील वॅटच्या आकड्याचा खरा उपयोग काटकसरीपेक्षा पडताळणीसाठी अधिक आहे. ज्या खोक्यावर हा आकडाच नाही, त्याच्या आतील वस्तू कोणी मोजून पाहिलेलीच नाही.

कागदी आकाशकंदील आणि नाताळातील तारे यांच्या बाबतीत मात्र वॅटचा आकडा सुरक्षिततेचाही आहे. ६० वॅटच्या तापदीपाची काच शंभर अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापते. कागद तिला टेकून राहिला तर तो आधी पिवळा, मग तपकिरी पडतो, आणि असे करपलेले कागद पेटण्यास फार वेळ लागत नाही. पाच ते सात वॅटचा एल.ई.डी. दिवा तेवढाच कंदील पुरेसा उजळतो. धातूचा मुलामा दिलेल्या चमकीच्या झिरमिळ्या विजेच्या वाहक असू शकतात; घरच्या दाबावर चालणाऱ्या माळेवर त्या गुंडाळू नयेत.

शेवटी दुरुस्तीविषयी सांगितले पाहिजे, कारण चांगल्या माळेची वाईट माळ बहुधा तेथेच होते. अडॅप्टर नसलेल्या माळेतील एखादा दिवा गेला, की तो कापून दोन्ही तारा पिळून जोडण्याची पद्धत सर्वत्र आहे. माळ पुन्हा पेटते, म्हणून ती दुरुस्त झाली असे वाटते. आपल्या ७० दिव्यांच्या माळेचाच हिशेब पुन्हा करू. तिच्यातून १५ मिलिॲम्पिअर प्रवाह वाहतो असे धरले, तर २० व्होल्ट सोसणारा रोधक सुमारे १३३० ओहमचा असला पाहिजे आणि त्यात ०·३ वॅट उष्णता निर्माण होते. आता पाच दिवे कापून टाकले. उरलेल्या ६५ दिव्यांना १९५ व्होल्ट पुरतात आणि रोधकावर ३५ व्होल्ट येतात. प्रवाह १५ वरून २६ मिलिॲम्पिअरांवर जातो आणि रोधकातील उष्णता ०·९ वॅटच्या पुढे, म्हणजे तिप्पट होते. हा रोधक बहुधा अर्ध्या वॅटचा असतो आणि प्लॅस्टिकच्या नळीत गुंडाळलेला असल्याने त्याची उष्णता बाहेर पडत नाही. नळी वितळते. वाढलेल्या प्रवाहाने उरलेले दिवेही लवकर जातात, ते पुन्हा कापले जातात आणि प्रत्येक कापणीबरोबर प्रवाह आणखी चढतो. दिवे नेहमीपेक्षा अधिक प्रखर दिसू लागले, तर ती माळ या वाटेवर आहे असे ओळखावे. पिळलेल्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. उन्हाने तिचा डिंक सुटतो आणि २०० व्होल्टांचे उघडे तांबे पुन्हा कठड्याशी येऊन टेकते.

यासाठी सण संपल्यावर माळ ओढून न काढता दिव्यादिव्याने सोडवावी, पुठ्ठ्यावर सैल गुंडाळावी आणि पुढील वर्षी प्लग लावण्यापूर्वी दिवसाउजेडी दोन्ही हातांतून एकदा संपूर्ण सरकवून पाहावी. आवरणास चीर पडलेली, प्लग काळवंडलेला किंवा तारेस जोड दिलेला आढळला, तर प्रथम तिचा प्लग कापून टाकावा, म्हणजे कचऱ्यातून ती दुसऱ्या कोणाच्या भिंतीवर जाणार नाही, आणि मग ती विजेच्या टाकाऊ वस्तू घेणाऱ्यांकडे द्यावी.